चित्रकलेच्या सरांच्या निरोपाला माजी विद्यार्थ्यानं काय बोलावं?

प्रश्न: मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेचा माजी विद्यार्थी. सध्या पुण्यात एका कंपनीत स्टोअरला कामाला आहे. आमचे चित्रकलेचे सर 31 मेला रिटायर होतायत आणि माजी विद्यार्थ्यांच्या वतीनं मी बोलावं असं ठरलंय. पाच मिनिटं दिलीत. मी चित्रकार वगैरे काही झालो नाही, दहावीनंतर ब्रश हातात धरलेला नाही. मग मी काय बोलणार? नेटवरची भाषणं वाचली, सगळी एकसारखीच वाटतात.

चित्रकार न झालेला माणूस बोलायला निवडला, हे तुमच्या मित्रांनी फार चांगलं केलं. जो चित्रकार होतो त्याचं भाषण बहुतेक वेळा स्वतःकडंच वळतं. सरांनी ब्रश हातात दिला, मग मी कला महाविद्यालयात गेलो, मग माझं प्रदर्शन भरलं, असं ते पुढं पुढं जात राहतं. टाळ्या पडतात. पण एका वर्गातल्या पन्नास-साठ पोरांतून कला महाविद्यालयात जाणारं एखादंच असतं. बाकीचे शेतात, दुकानात, बँकेत, एसटीत, तुमच्यासारखे कंपनीत. सरांची सगळी नोकरी खरं तर या बाकीच्यांना शिकवण्यात गेली. त्यांना सरांकडून काय मिळालं, हे तुम्ही सांगितलं नाही तर त्या कार्यक्रमात दुसरं कुणी सांगणार नाही.

म्हणजे अडचण शब्दांची किंवा सुरुवातीची नाही. त्या तासाला आपण नेमकं काय शिकलो, हे तुम्ही अजून शोधलेलं नाही, एवढीच अडचण आहे. मी आयुष्यभर मराठी शिकवलं आणि आमच्या भागातल्या अशा समारंभांचं सूत्रसंचालन करत आलो. आदल्या आठवड्यात लोक भाषणाचे कागद घेऊन घरी येतात. त्यातला बराचसा वेळ मी शब्द सुधारत नाही, प्रश्न विचारत बसतो.

काही गोष्टी मात्र कार्यक्रम कसा आहे त्यावर ठरतील, त्या आधी विचारून घ्या. निवृत्ती 31 मेची आहे म्हणजे सरांची कागदोपत्री जन्मतारीख बहुधा 1 जून असणार. आपल्याकडं त्या पिढीतल्या बऱ्याच लोकांची हीच असते, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. मेमध्ये शाळेला सुट्टी, वर लगीनसराई. त्यामुळं असा कार्यक्रम कुठं एप्रिलच्या शेवटी शाळेतच उरकतात, कुठं मेमध्ये संध्याकाळी मंगल कार्यालयात करतात, तर कुठं जूनमध्ये शाळा उघडल्यावर. शाळेत असेल तर समोर आजची पोरं बसलेली असतील. मंगल कार्यालयात असेल तर सरांचे पाहुणेरावळे आणि गावकरी जास्त. पोरांसमोर बोलताना वर्गातला प्रसंग चटकन पोचतो. पाहुण्यांसमोर त्याला दोन वाक्यांची प्रस्तावना लागते, कारण वस्तुचित्र म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक नसतं.

दुसरं, तुमच्या आधी कोण बोलणार ते विचारा. साधारण क्रम असा असतो: प्रास्ताविक, सत्कार, मानपत्राचं वाचन, सहकारी शिक्षक, माजी विद्यार्थी, सत्कारमूर्तींचं मनोगत, अध्यक्षीय समारोप. तुमचा नंबर येईपर्यंत सर कोणत्या साली रुजू झाले, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचा निकाल कसा लागायचा, स्नेहसंमेलनाचा पडदा कसा रंगवायचे, हे सगळं सांगून झालेलं असतं. सरांनी अनेकांच्या आयुष्यात रंग भरले, हे वाक्यही तोवर दोन-तीनदा येऊन गेलेलं असतं. कुंचला, कॅनव्हास, इंद्रधनुष्य, रंगांची उधळण हे शब्द तुमच्या कागदावर असतील तर आत्ताच काट मारा. शब्द वाईट आहेत म्हणून नाही. चित्रकलेच्या शिक्षकाच्या निरोपाला ते सगळ्यांनाच सुचतात आणि तुमचा नंबर रांगेत शेवटाकडं आहे, म्हणून.

आता एक उदाहरण सविस्तर सांगतो. तुमच्यासारखीच अडचण घेऊन एक जण माझ्याकडं आला होता. त्याचं जालन्याकडं फॅब्रिकेशनचं दुकान, लोखंडी गेट आणि खिडक्यांचे ग्रिल करतो. त्याच्या कागदावर लिहिलेलं होतं: सरांनी आम्हाला फक्त चित्र काढायला नाही तर जगाकडं बघायला शिकवलं, आम्हाला दृष्टी दिली. मी म्हणालो, हे खरंय का? तो म्हणाला, खरंय की. मग मी म्हणालो, कधी दिली दृष्टी? कोणत्या दिवशी, कोणत्या बाकावर? तो गप्प बसला.

चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी विचारलं, तुझं चित्र चुकलं की सर काय करायचे? तिथं गाडी हलली. काही सर आपल्या कागदावर स्वतःची रेघ मारून देतात, काही बाजूला कोपऱ्यात काढून दाखवतात, काही नुसते ओरडतात. त्याचे सर यातलं काहीच करत नव्हते म्हणे. कागदाला हातच लावायचे नाहीत. मग काय करायचे? आणि मग त्यानं तांब्याची गोष्ट सांगितली. आम्ही ती त्याच्याच बोलीत लिहून काढली ती अशी:

"सर, आठवीला तुम्ही टेबलावर तांब्या ठेवला होता. मी तांब्याचं तोंड लंबगोल काढलं आणि बूड सरळ रेघेनं काढलं. टेबल सपाट, मग बूडही सपाट, असा माझा हिशोब. तुम्ही म्हणला नाहीत की चुकलं म्हणून. कपाटातून एक बांगडी काढली, माझ्या डोळ्यापुढं आडवी धरली आणि विचारलं, काय दिसतंय? मी म्हणलो, रेघ. तुम्ही बांगडी थोडी खाली नेली. आता? मी म्हणलो, लांबट गोल. अजून खाली नेली. आता? मी म्हणलो, जास्तच गोल. मग तुम्ही एवढंच विचारलं, 'तांब्याचं तोंड खाली हाय का बूड?' आणि दुसऱ्या बाकाकडं निघून गेलात."

यात जे घडलं ते चित्रकला शिकवणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल. आडवं वर्तुळ डोळ्याच्या पातळीला असलं की नुसती रेघ दिसते आणि जसजसं खाली जातं तसतसा लंबगोल फुगत जातो. बाकावर बसलेल्या पोराच्या डोळ्यांपेक्षा टेबल खाली असतं. म्हणून तांब्याचं बूड तोंडापेक्षा जास्त वाटोळं काढावं लागतं, सरळ तर नाहीच. पोरं सरळ काढतात, कारण ती दिसतंय ते काढत नाहीत, ठाऊक आहे ते काढतात. दृष्टी दिली म्हणजे काय, तर हे. पण ते नुसतं म्हणून कळत नाही. बांगडी दिसली की श्रोत्यांना आपोआप कळतं, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सरांना तर सगळ्यात आधी.

पुढचा भाग काढायला मला फक्त एकच प्रश्न विचारावा लागला: याचा तुला आज दुकानात काही उपयोग होतो का? तो आधी नाही म्हणाला. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला, थांबा, होतो. भाषणात ते असं आलं:

"आता गिऱ्हाईक मोबाईलवर गेटचा फोटो घेऊन येतं. म्हणतं, सेम टू सेम असंच पाहिजे. फोटो कुणीतरी रस्त्यावरून, एका बाजूनं काढलेला असतो. त्यात गेटमधलं चक्र अंड्यासारखं लांबुळकं दिसतं. नवीन पोरगं तसंच लांबुळकं वाकवायला घेतं. मी त्याला थांबवतो. म्हणतो, लेका, ते गोलच हाय, बाजूनं बघितल्यामुळं तसं दिसालंय. सर, हे मी आयटीआयला शिकलो नाही. हे आठवीला बांगडीत शिकलो."

एवढंच. याच्या पुढं त्यानं सरांसाठी एक ओळ म्हटली, नमस्कार केला आणि खाली आला. कागदावर याच्या मागं-पुढं आणखी दोन परिच्छेद होते, एक कलेचं जीवनातलं स्थान आणि एक गुरूची महती सांगणारा. ते मी काढायला लावले. तो कुरकुरला, म्हणाला लोकांना वाटेल याला काही बोलता येत नाही. मी म्हणालो, तांब्या आणि चक्र यांच्या मधे काही आलं तर दोन्हीचा सांधा सुटतो. फॅब्रिकेशनवाल्याला ते लगेच पटलं.

आता तुमचं. तुमच्या सरांची बांगडी कोणती हे मला माहीत नाही, पण ती कुठं शोधायची ते सांगतो. आधी मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका. तिथं "सर खूप छान होते" आणि हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागते. दोघा-तिघांना वेगवेगळे फोन करा, त्यातला एक तरी सरांचा लाडका नसलेला असू द्या. सरांबद्दल काय वाटतं हे विचारू नका. सर काय करायचे ते विचारा. चित्र बिघडलं की काय करायचे? चित्रकलेच्या खोलीतल्या कपाटात काय काय होतं? पोरं चिडवायची ते सरांचं वाक्य कोणतं? एखाद्याला रंगाची पेटी घेणं परवडत नव्हतं, तेव्हा सरांनी काय केलं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर जपून वापरा. ज्याला रंग दिले त्याला विचारल्याशिवाय स्टेजवर सांगू नका, आणि त्याचं नाव तर घेऊच नका. तो समोर बायकापोरांसह बसलेला असू शकतो.

मग रेखाकला परीक्षेचे विषय एकेक करून आठवा. परीक्षेसाठी सर जे घासून घ्यायचे तेच हातात बसलेलं असतं. वस्तुचित्रात तांब्यासारखं काही सापडेल. स्मरणचित्रासाठी अनेक सर पोरांना आठवडी बाजारात नाहीतर बसस्टँडवर नुसतं बघायला पाठवतात, कारण घरी बसून काढलेल्या बाजारात सगळी माणसं समोर तोंड करून फोटोला उभी राहिल्यासारखी येतात. संकल्पचित्रात बऱ्याचदा अर्धी नक्षी काढून ती ट्रेस करून पलटायची असते.

आणि अक्षरलेखन. तुम्ही स्टोअरला आहात म्हणून इथं मी थोडा थांबतो. रॅकवरची पाटी, खोक्यावरचं नाव कधी हातानं लिहावं लागतं का? शाळेत अक्षरलेखन करताना पोरं पट्टीनं सारखे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात एक अक्षर बसवतात. मग 'र' भोवती मोकळं रान पडतं, 'क्ष' मात्र चेंगरतो आणि शेवटचं अक्षर कागदाच्या कडेला जाऊन आदळतं. चांगले सर आधी सगळा शब्द पेन्सिलीनं हलका मांडून घ्यायला लावतात आणि दोन अक्षरांमधली जागा पट्टीनं न मोजता डोळ्यानं ठरवायला सांगतात. तुमच्या सरांनी असं काही करून घेतलं असेल आणि आजही खोक्यावर मार्कर टेकवण्याआधी तुमचा हात हवेत एकदा फिरून घेत असेल, तर तुमचं भाषण तिथं आहे. नसेल तर ओढूनताणून आणू नका. रोजच्या कामाशी जोड सापडलीच पाहिजे असं नाही. नुसता वर्गातला प्रसंग नीट सांगितला तरी पाच मिनिटं पुरून उरतात. खोटी जोड मात्र लगेच उघडी पडते, आणि सर तर तुमचा हात ओळखतात.

काही जागा जपून पार कराव्या लागतात. त्या चित्रकलेच्याच शिक्षकाच्या बाबतीत येतात, म्हणून सांगतो.

पहिली, ऑफ तासाची गोष्ट. दहावीच्या वर्गाचा चित्रकलेचा तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जायचा, हे सगळ्यांना आठवतं आणि त्यावर विनोद करायचा मोह होतो. स्टेजवर मुख्याध्यापक बसलेले असतात आणि तास घेणारे गणिताचे सरही. विनोदाला हशा येतो, पण त्या हशात सरांना आणखी एकदा जाणवतं की आपला विषय दुय्यम धरला गेला. सांगायचंच असेल तर पोरांच्या बाजूनं सांगा, की तास गेला म्हणून आम्ही कसे हिरमुसलो, आणि मधल्या सुट्टीत सरांच्या खोलीत जाऊन कसे बसलो. तसं खरंच झालं असेल तरच.

दुसरी जागा याहून नाजूक आहे. "सर शाळेत अडकले नसते तर फार मोठे चित्रकार झाले असते." हे वाक्य मी अनेक समारंभांत ऐकलं आहे. बोलणाऱ्याला ती स्तुती वाटते. पण निवृत्तीच्या दिवशी बायकोमुलांसमोर एखाद्याला तुमची सगळी नोकरी म्हणजे अडकणं होतं असं सांगणं, हे मला पटत नाही. अनेक चित्रकलेच्या सरांनी आपल्या चित्रांचं काय करायचं हे तरुणपणी घरच्या परिस्थितीपायी ठरवलेलं असतं. तो विषय त्यांचा आहे. मनोगतात त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील. सर घरी चित्रं काढतात हे तुम्हाला ठाऊक असेल आणि त्यातलं एखादं तुम्ही पाहिलं असेल, तर त्या चित्राबद्दल बोला.

तिसरी, मार. "सरांच्या छडीनं घडलो" याला आपल्याकडं हमखास टाळी पडते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारायला बंदी आहे, आणि समोर आजची पोरं, आजचे पालक बसलेले असतात. टाळी तुम्हाला मिळते, अवघडतात सर.

लिहिण्याबद्दल थोडं. पाच मिनिटांत मराठीत सावकाश बोलून साधारण साडेपाचशे शब्द होतात. तुम्ही चारशेच लिहा. माईक नीट करणं, टाळ्या, मधे गळा दाटणं, यात उरलेला वेळ जातो. "व्यासपीठावर उपस्थित मान्यवर" म्हणत एकेक नाव घेत बसू नका. सूत्रसंचालकानं ते केलेलं असतं आणि एखादं नाव राहिलं तर त्याचा रुसवा तुमच्या वाट्याला येतो. अध्यक्षांचं नाव, सरांचं आणि बाईंचं, म्हणजे सरांच्या पत्नीचं नाव, आणि बाकी सगळ्यांना एकत्र नमस्कार, एवढं पुरे. बाईंचं नाव विसरू नका. परीक्षेच्या आधी सर रविवारी पोरांना घरी बोलवत असतील, तर त्या सगळ्यांचा चहा त्यांनीच केलेला असतो.

पहिलं वाक्य प्रसंगातूनच येऊ द्या. "सर, आठवीला तुम्ही टेबलावर तांब्या ठेवला होता," हीच त्या माणसाची सुरुवात होती. श्लोक नाही, चारोळी नाही. सरांकडं बघून, त्यांना "तुम्ही" म्हणत बोललात की भाषण आपोआप साधं होतं. "सरांनी असं केलं, सरांनी तसं केलं" म्हणत गेलात की ते मानपत्रासारखं व्हायला लागतं. आणि गावच्या बोलीत बोला. पुण्याहून आलेलं पोरगं माईकवर पुस्तकी बोलायला लागलं की मागच्या रांगेत कोपरखळ्या सुरू होतात. सर जे जसं बोलले तसंच सांगा, "काय करालास लेका" म्हणाले असतील तर तसंच. ते प्रमाण मराठीत सांगितलं की सर परके वाटतात.

जुनं चित्र सापडलं तर जरूर न्या, पण स्टेजवरून फडकवू नका. वहीच्या आकाराचा कागद तिसऱ्या रांगेच्या मागं दिसत नाही, लोक माना उंचावतात आणि तुमचं बोलणं सुटतं. भाषण संपल्यावर सरांच्या हातात द्या. कागदामागं सरांनी लाल पेनानं काही लिहिलं असेल, तर ते मात्र माईकवर वाचून दाखवा.

घरी मोठ्यानं तीन-चारदा म्हणून बघा, मोबाईलवर वेळ लावून. पाठ करू नका. प्रसंगाचा क्रम लक्षात राहिला की शब्द येतात. कागद जवळ ठेवाच, मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला लिहिलेला.

शेवटची सूचना व्यवहाराची. असे कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीत. प्रमुख पाहुणे उशिरा येतात, सत्काराला गावातल्या प्रत्येक मंडळाची शाल येते, आणि तुमचा नंबर येतो तेव्हा स्वयंपाकी दारातून डोकावत असतो. सूत्रसंचालक हळूच कानात सांगतो, दोनच मिनिटं घ्या. त्याची तयारी आधीच ठेवा: वर्गातला प्रसंग पूर्ण, त्याच्या पुढं एक वाक्य, नमस्कार. आजच्या कामाची जोड, मित्रांच्या आठवणी, शुभेच्छांचा परिच्छेद, हे सगळं गाळता येईल अशा बेतानं कागदावर खाली लिहा. प्रसंग मात्र सगळ्यात वर, पहिल्या ओळीपासून. मित्रांना फोन करून झाले आणि दोन-तीन प्रसंग हाताशी आले की इथं लिहा, त्यातला कोणता घ्यायचा ते आपण बघू.